डिलोड कधी लावायचा? श्रावण ते दसरा, एका ब्लॉकच्या नोंदी

सोमवार, 14 जुलै 2025, अनगोळ, बेळगाव

आजपासून नव्या ब्लॉकची, म्हणजे सरावाच्या काही आठवड्यांच्या टप्प्याची, वही उघडली. माझ्याकडे सराव करणारा गडी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला आहे. वय 34, बार उचलायला लागून आठ वर्षं झाली. एका रेपचं जास्तीत जास्त वजन स्क्वॉटला 180 किलो, बेंचला 120, डेडलिफ्टला 210. पाळी फिरती आहे, दर चौथा आठवडा रात्रपाळीचा. त्यातला एक कालच संपलाय, म्हणून सुरुवातीला हा आठवडा बरा.

या वहीत मुख्य नोंद वजनांची नाही, डिलोडची आहे. डिलोड म्हणजे ठरवून घेतलेला हलका आठवडा. जिमला यायचं, तेच व्यायाम करायचे, पण सेट आणि रेप निम्म्यावर आणायचे आणि वजन थोडं उतरवायचं. त्यामागचा हिशेब 1970च्या दशकात एरिक बॅनिस्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडला. सरावातून एकाच वेळी दोन गोष्टी साचतात, क्षमता आणि थकवा. क्षमता हळूहळू वाढते आणि हळूहळूच ओसरते. थकवा पटकन चढतो आणि पटकन उतरतो. एखाद्या दिवशी बारवर जे दिसतं ते क्षमतेतून थकवा वजा करून उरलेलं असतं. आठवडाभर भार कमी केला की थकवा बराचसा उतरतो, क्षमतेला मात्र तेवढ्यात धक्का लागत नाही.

नवशिक्याला याची फारशी गरज नसते. त्याची वजनं लहान असतात आणि तो दोन दिवसांत सावरतो. आठ वर्षांच्या गड्याला अडीच किलो वाढवायलाही आठवड्याला बरेच जड सेट मारावे लागतात, आणि त्यांचा थकवा पुढच्या आठवड्यात पूर्ण उतरलेला नसतो.

बेत सहा आठवडे चढायचं आणि 25 ऑगस्टचा आठवडा डिलोड असा आहे. 27ला गणेश चतुर्थी, गडी खानापूरकडच्या गावी जाणारच. तारीख पेन्सिलीनं लिहिलीय.

मंगळवार, 15 जुलै

स्क्वॉटचा दिवस सोमवारवरून मंगळवारवर नेला. 28 तारखेपासून श्रावणी सोमवार, गडी उपास करतो. साबुदाण्यावर जड स्क्वॉट होतो, पण त्या दिवशीच्या आकड्याला अर्थ राहत नाही. बार जड गेला तर तो थकव्यानं की रिकाम्या पोटानं, कसं कळायचं? आता वार असे: मंगळवारी स्क्वॉट, बुधवारी बेंच, शुक्रवारी डेडलिफ्ट आणि हलका स्क्वॉट, शनिवारी परत बेंच.

थकवा मोजायला एक मापाचा रेप ठेवलाय. दर मंगळवारी वॉर्म-अप झाला की 160 किलोचा एकच स्क्वॉट, त्यानंतर कामाचे सेट. 160 म्हणजे 180च्या 89 टक्के. त्यात थकवा दिसण्याइतकं वजन आहे, आणि एका रेपनं नवा थकवा साचेल इतकं नाही. मोबाइल रॅकच्या बाजूला त्याच फरशीवर, त्याच उंचीवर ठेवायचा, सेकंदाला साठ फ्रेमचं शूटिंग करायचं आणि तळापासून गुडघे सरळ होईपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. वेग मोजणारं यंत्र आमच्याकडे नाही आणि त्यावाचून अडत नाही. अट एकच, गड्यानं प्रत्येक वेळी जीव तोडून वर यायचं. मुद्दाम सावकाश उठलं की माप गेलं.

आजचा वेळ दीड सेकंद. हातात अजून तीन रेप उरले असते, असं त्याचं म्हणणं. मला दोन वाटले. वहीत दोन लिहिले.

कामाचे सेट 130 किलोचे, पाच सेट पाच रेप. सोपे गेले, आणि पहिल्या आठवड्यात ते सोपेच जायला हवेत.

मंगळवार, 29 जुलै

तिसरा आठवडा. गेल्या मंगळवारी 135 किलो झालं, आज 140. मापाचा रेप तेव्हा दीड सेकंद, आज 1.6. दहाव्या भागाचा फरक मी फरक धरत नाही. कॅमेरा जरा तिरका राहिला तरी एवढं इकडेतिकडे होतं.

पावसानं बारचा खरखरीतपणा पुसल्यागत झालाय आणि खडूचे गोळे होतायत. डेडलिफ्टमध्ये पकड सुटते ती यामुळेही सुटते, हे ध्यानात ठेवायला हवं. पकड कमजोर होणं हे थकव्याचं लक्षण मानतात, पण बेळगावच्या पावसाळ्यात त्या लक्षणावर मी विसंबत नाही.

गड्यानं विचारलं, "दादा, आठवडाभर सरळ सुट्टीच घेतली तर काय बिघडतंय?"

प्रश्न बरोबर आहे. 2024मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सराव असलेल्या तरुणांचे दोन गट नऊ आठवडे व्यायाम करत होते. एका गटानं मधला एक आठवडा पूर्ण विश्रांती घेतली, दुसरा गट थांबला नाही. शेवटी स्नायूंची वाढ दोन्हीकडे जवळपास सारखीच होती, पण पायांच्या ताकदीत न थांबलेला गट थोडा पुढे होता. यावरून डिलोड फुकट असतो असं काही लोक म्हणायला लागले. मला तेवढं दिसत नाही. त्या अभ्यासात हलका आठवडा नव्हता, पूर्ण बंद होता. शिवाय सुट्टी पडली ती आधी ठरलेल्या दिवशी, माणसं थकली होती की नव्हती ते न बघता. माझ्या कामाचा बोध दोन गोष्टींचा आहे. ताकद हे बरंचसं कौशल्य आहे, म्हणून बार हातातून पूर्ण सोडू नये. आणि थकवाच साचला नसेल तर उतरवायला काही नसतं, नुसता एक आठवडा जातो.

त्याला इतकंच सांगितलं, "सुट्टी नको, हलकं करूया. आणि तेही लागेल तेव्हाच."

मंगळवार, 5 ऑगस्ट

रात्रपाळीचा आठवडा. गडी रविवार आणि सोमवार दोन रात्री भट्टीपुढे उभा राहून आलाय, दिवसा चार तास झोप. मापाचा रेप 1.9 सेकंद. हातात एखादाच रेप उरल्यासारखा दिसला.

इथे घाईनं डिलोड लावायचा मोह होतो. मी लावला नाही. झोपेचा खड्डा आणि सरावाचा साचलेला थकवा बारवर अगदी सारखेच दिसतात. फरक कळतो तो पुढे, झोप भरल्यावर वेग परत येतो की नाही यावरून. कारण नुसती झोप असेल तर पाळी बदलल्यावर दोन-तीन रात्रींत गाडी रुळावर यावी. म्हणून आज एवढंच केलं की बेतातलं 142.5 गाठायचं सोडलं आणि 140वरच पाच सेट केले. शुक्रवारचा हलका स्क्वॉट आहे तसा ठेवला.

मंगळवार, 12 ऑगस्ट

पाळी बदलून दोन दिवस झाले. शनिवार-रविवार मिळून गडी ढाराढूर झोपला, सोमवारी रात्रीही आठ तास. आज बरा दिसत होता, चेष्टा-मस्करीही चालू होती. मापाचा रेप 2 सेकंद.

आता हे झोपेचं राहिलं नाही. तरी एका आकड्यावर निर्णय घ्यायचा नाही म्हणून कामाचे सेट बघितले. 145 किलोचे पाच सेट. 155 किलो पाच वेळा उचलणाऱ्याला पहिले तीन सेट बऱ्यापैकी आरामात जायला हवेत. दुसऱ्याच सेटला पाचवा रेप अर्ध्यावर अडखळला. चौथ्यात कंबर पुढे पडायला लागली तशी पाचवा सेट मी काढून टाकला.

बुधवार, 13 ऑगस्ट

बेंचवरही तेच. 97.5 किलोचा तिसरा सेट चार रेपांवर थांबला. तीन आठवड्यांपूर्वी याच वजनाचे पाचही सेट पूर्ण झाले होते. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला सकाळी उठल्यावर ताठरपणा असतो, असं आज सहज बोलून गेला. "व्यायाम सुरू केला की जातंय की," म्हणाला. व्यायामात जातं आणि सकाळी परत येतं, तीच तर ताण साचल्याची खूण.

स्क्वॉट आणि बेंच दोन्ही एकदम खाली, झोप भरलेली असताना. फक्त स्क्वॉट खाली असता तर मी आधी तंत्र किंवा मांडीचं दुखणं शोधलं असतं. वेगवेगळ्या स्नायूंचे दोन व्यायाम एकाच आठवड्यात घसरले की कारण अख्ख्या अंगाचं असतं.

डिलोड 25 ऑगस्टवरून 18 ऑगस्टवर ओढला. पेन्सिलीचा उपयोग झाला.

ओढण्यामागे आणखी एक कारण आहे. गणपतीचा आठवडा आपोआप हलका जाईल हे खरं, पण तो डिलोड नव्हे. रात्री उशिरापर्यंत आरत्या, पाहुणे, पहाटे उठणं, मोदक, त्यात खानापूर-बेळगाव हेलपाटे. व्यायाम कमी होतो, झोपही कमी होते. थकवा उतरायला भार कमी होणं जितकं लागतं तितकीच झोप लागते. 18 ते 24 या आठवड्यात त्याची दिवसपाळी आहे, घरात कार्यक्रम नाही, उपास एकच. गणपतीच्या आठवड्यात मग नव्या ब्लॉकचा पहिला आठवडा पडतो. तो मुळातच सोपा असल्यामुळे एखादा दिवस बुडाला तरी काही बिघडत नाही.

रविवार, 17 ऑगस्ट

काल-परवाचे दिवस निम्मे करून संपवले. पुढच्या आठवड्याचा कागद करून दिला.

स्क्वॉटला मंगळवारी 130 किलोचे तीन सेट, चार-चार रेप. शुक्रवारी 125चे दोन सेट, चार-चार रेप. बेतानुसार पूर्ण आठवड्यात 145चे पाच सेट पाच रेप आणि 137.5चे चार सेट चार रेप धरले होते. म्हणजे सेट नऊवरून पाचवर, रेप 41वरून 20वर. किलोंत धरलं तर 5825चे 2560, निम्म्याहून थोडं खाली. वजन मात्र दहा टक्क्यांच्या आसपासच उतरलंय. कात्री सेट-रेपांना जास्त आणि वजनाला कमी, हे मुद्दाम. थकवा मुख्यतः जड सेटांच्या संख्येतून आणि शेवटचे रेप ओढून काढण्यातून येतो, तर जड बार अंगावर घेण्याची सवय वजनातून टिकते. उलट करून 60 किलोचे वीस-वीस रेप मारणारे लोक बघितलेत. त्यांचे पाय आठवडाभर दुखतात आणि पुढच्या मंगळवारी खरं वजन परकं वाटतं.

बेंच 87.5चे तीन सेट तीन रेप, शनिवारी दोन सेट. डेडलिफ्ट 150चे दोन सेट दोन रेप, एवढंच. प्रत्येक सेट संपताना हातात निदान चार रेप उरायला हवेत. कोपरासाठी ट्रायसेप्सचे पडून करायचे व्यायाम आणि जड पुल-अप बंद, त्याऐवजी केबलचे हलके दोन सेट. पोट आणि पाठीच्या बाकी किरकोळ व्यायामांत निम्मे सेट.

जेवण कमी करायचं नाही हे कागदावर ठळक लिहिलं. व्यायाम कमी म्हणून भाकरी कमी, असं बरेच जण आपोआप करतात आणि सावरायच्या आठवड्यातच शरीराला उपाशी ठेवतात. क्रिएटिन घेत असेल तर तेही चालू. 160चा मापाचा रेप या आठवड्यात नाही. 89 टक्क्यांचा रेप डिलोडमध्ये बसत नाही, आणि मध्येच मोजून कुठलाही निर्णय बदलणार नसेल तर मोजायचं कशाला?

बुधवार, 20 ऑगस्ट

मंगळवारी पाऊण तासात मोकळा झाला. आज आल्यावर म्हणाला, "अंग जडच वाटतंय, दादा. हलकं करून उलट सुस्ती आलीय."

हे होतं. पहिले दोन-तीन दिवस बरेच जण असंच सांगतात. थकवा उतरायला दिवस लागतात, आणि रोजची धावपळ थांबली की इतके दिवस न जाणवलेलं आधी जाणवतं. यावर उतारा म्हणून जास्त करायचं नाही आणि सगळं बंदही करायचं नाही. आजचा बेंच कागदाप्रमाणे झाला.

शनिवार, 23 ऑगस्ट

अपेक्षेप्रमाणे आजचा धोका वेगळा. सुस्ती गेली, गड्याला हुरूप आला. शेवटचा बेंच झाल्यावर 110 लावू काय म्हणून विचारलं. मी प्लेट उतरवल्या.

डिलोडची माती होते ती बहुतेक इथंच. पाचव्या-सहाव्या दिवशी बार उडायला लागतो आणि माणूस सरळ मॅक्सवर जातो. मॅक्स होतोही एखाद्या वेळी, पण त्याबरोबर पुढच्या ब्लॉकची सुरुवात थकव्यानं होते. स्पर्धेच्या तोंडावर भार कमी करणं ही गोष्ट निराळी. तिथं टेपर करतात, सगळा डाव एका दिवसासाठी मांडलेला असतो, म्हणून शेवटी मॅक्स येतो. डिलोडनंतर यायचं आहे ते पुढचे पाच-सहा आठवड्यांचं काम.

मोकळा वेळ मिळाला म्हणून उद्या टिळकवाडीत क्रिकेट खेळायला बोलावलंय, असंही कळलं. बोलिंग नको म्हटलं. सवय नसलेल्या हालचालीनं अंग दुखून आलं तर मंगळवारचं माप बिघडेल.

मंगळवार, 26 ऑगस्ट

उद्या चतुर्थी, म्हणून सकाळीच आला. मापाचा रेप 1.4 सेकंद. जुलैतल्या पहिल्या मापापेक्षाही किंचित वेगवान, पण दहाव्या भागाच्या फरकाला मी काही म्हणत नाही हे वर लिहिलंच आहे. महत्त्वाचं ते 2वरून खाली आलं. हातात तीन रेप उरले असते असं तो म्हणाला, या वेळी मलाही तीनच वाटले. कोपराचा सकाळचा ताठरपणा शुक्रवारपासून नाही.

वेग परत आला नसता तर? आठवडाभर हलकं करून, झोप भरूनही मापाचा रेप 1.8-1.9वर अडकला असता, तर आणखी एक डिलोड लावण्यात अर्थ नव्हता. तेव्हा कारण सरावाबाहेर असतं. आजारपण, खाणं अपुरं, घरची काळजी. दुखणं एकाच सांध्यात असेल आणि डिलोडनंतर पहिल्याच जड दिवशी परत आलं, तर ते फिजिओथेरपिस्टकडचं काम आहे, वेळापत्रकाचं नाही.

कामाचे सेट 135 किलोचे चार, पाच-पाच रेप. मागच्या ब्लॉकच्या सुरुवातीपेक्षा पाच किलो वर आणि एक सेट कमी. बुधवारचा बेंच सोडला, शुक्रवारी गावाहून आला तर करेल.

रविवार, 31 ऑगस्ट

पुढचं वेळापत्रक. खेळाडूंना विचारलं तर साधारण दर पाच-सहा आठवड्यांनी आठवडाभराचा डिलोड घेतो असं सांगणारे सर्वांत जास्त भेटतात. माझा अंदाजही त्याच्या आसपासच. पण पाच की सहा हे मी वहीवरून धरतो. या गड्याला पाचव्या आठवड्यात उतार लागला आणि त्याच्याआधी एक रात्रपाळी होती. म्हणून पाच आठवडे चढ आणि सहावा डिलोड.

26 ऑगस्टचा आठवडा पहिला. 1 सप्टेंबरचा रात्रपाळीचा, त्यात 6ला विसर्जन, आणि बेळगावची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. या आठवड्यात वजन वाढवायचं नाही, शनिवारचा बेंच गुरुवारी घ्यायचा. 8 आणि 15 सप्टेंबरचे खरे जड आठवडे. 22ला घटस्थापना. दुर्गामाता दौडीला रोज पहाटे जाणार असेल तर झोप तासभर तरी कमी होईल आणि पायांवर धावण्याचा भार येईल, तेव्हा शुक्रवारचा स्क्वॉट निम्मा. एक-दोन दिवसच जाणार असेल तर जसंच्या तसं.

डिलोड 29 सप्टेंबर ते 5 ऑक्टोबर. 2ला दसरा, आणि आठवडा रात्रपाळीचा. रात्रपाळीत डिलोड लावावा की नाही यावर माझं मत पक्कं नव्हतं. थकवा डोक्यावरून गेला असेल तर झोपेचा आठवडाच हवा, म्हणून ऑगस्टमध्ये दिवसपाळीचा निवडला. पण थकवा बेताचा असेल तर रात्रपाळीत जड सेट मारून हाती फार लागत नाही, तोच आठवडा हलका करणं फायद्याचं.

म्हणून तारखेपुढे दोन अटी लिहिल्या. 16 आणि 23 सप्टेंबर, लागोपाठ दोन मंगळवारी मापाचा रेप 1.8च्या वर गेला आणि बेंचचे रेपही सुटायला लागले, तर 24 तारखेपासूनच कात्री लावायची. आणि 23ला रेप दीडच्या आसपास असेल, कोपर शांत असेल, तर 29चा डिलोड सौम्य करायचा. सेट नऊवरून सहा, वजन तेच. गड्याला दाखवलं. दसऱ्याला फौंड्रीत यंत्रांची पूजा असते, त्या दिवशी येणार नाही म्हणाला. गुरुवार आमचा व्यायामाचा वार नाहीच.